बाई, प्लंबर, सिलिंडर आणि मेकॅनिक: पुण्यात नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी आठवड्याची आखणी

नोकरीसाठी पुण्यात आलात, सोसायटीत भाड्याचा फ्लॅट घेतलात, की महिन्याभरात कळतं की घरी येणारा प्रत्येक माणूस नेमका आपण ऑफिसात असतानाच येतो. यावर बहुतेक जण एकच तोडगा काढतात, सगळ्यांना शनिवारी बोलवायचं. मग शनिवारी प्लंबर सिंकखाली आडवा झालेला असतो, त्याच वेळी भांडी घासायला मावशी येतात, वॉशिंग मशीनचा मेकॅनिक म्हणतो "जरा पाणी सोडा", आणि पाण्याचा कॉक तर प्लंबरने बंद केलेला. तेवढ्यात खालून सिलिंडरवाल्याची हाक येते.

खोळंबा होतो तो वेळ कमी पडल्यामुळे नव्हे, क्रम चुकल्यामुळे. कोणाचं काम कोणाच्या आधी व्हायला हवं हे एकदा कळलं, की आठवड्यातले दोन-तीन तास पुरतात. खालचा क्रम पुण्यातल्या साध्या सोसायटीतल्या, भाड्याने राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माणसांना धरून लिहिला आहे. मुंबई-नागपूरला पाण्याच्या वेळा आणि वार बदलतील, बाकीचं बरंचसं तसंच राहील.

पहिली पायरी: जे हलत नाही ते आधी लिहा

कागद घ्या आणि त्यावर पाणी, वीज आणि सोसायटीचे नियम लिहा. यातलं काहीही तुमच्या सोयीने बदलत नाही.

महापालिकेचं पाणी किती ते किती येतं, इमारतीची टाकी कधी भरते आणि तुमच्या नळाला दिवसभर पाणी असतं की ठरावीक वेळीच सोडतात, हे वॉचमनला विचारा. सेक्रेटरीपेक्षा त्याला जास्त नक्की माहीत असतं, कारण मोटर तोच चालू करतो. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं तर तो वार बहुधा गुरुवार असतो, आणि बातमीच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं: "शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल." हे वाक्य गांभीर्याने घ्या. बंद झालेली लाइन पुन्हा भरते तेव्हा सुरुवातीचं पाणी गढूळ येतं, आणि त्याचा संबंध पुढे वॉटर प्युरिफायरशी येणार आहे. महावितरणही दुरुस्तीची कामं पुष्कळदा गुरुवारीच काढतं, कारण पिंपरी-चिंचवड आणि आसपासच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे पाणी किंवा वीज लागणारं कोणतंही काम गुरुवारी ठरवू नका. दर गुरुवारी काही बंद असतं असं नाही, पण बंद असेल तर तो वार हाच असण्याची शक्यता जास्त.

सोसायटीचे नियमही विचारून घ्या. ड्रिलिंग-ठोकठोक दुपारी चालत नाही, कामगारांना संध्याकाळी अमुक वाजल्यानंतर गेटवर सोडत नाहीत, रविवारी दुरुस्तीची कामं नाहीत, असं कुठे ना कुठे असतंच. दुपारच्या झोपेवरून पुणेकरांची कितीही थट्टा झाली तरी दोन ते चारमध्ये भिंतीला भोक पाडून बघा, खालच्या मजल्यावरचे काका वर आल्याशिवाय राहणार नाहीत. बऱ्याच सोसायट्यांत गेटवर ॲप असतं आणि येणाऱ्याला तुमची परवानगी लागते. मीटिंगमध्ये फोन सायलेंट ठेवलात तर मेकॅनिक गेटवरून परत जातो, आणि कंपनीच्या नोंदीत "ग्राहक उपलब्ध नाही" असं लागतं. ज्या दिवशी कोणी येणार असेल त्या दिवशी सकाळीच ॲपमध्ये आगाऊ नोंद करून ठेवा.

दुसरी पायरी: मावशींची वेळ हा आठवड्याचा कणा

घरकामाची बाई ठरवताना नवे लोक विचारतात, "सकाळी आठला याल का?" त्यापेक्षा "या बिल्डिंगमध्ये तुमची किती घरं आहेत, आणि आमचं कितवं लागेल?" असं विचारा. कारण त्यांची वेळ घड्याळावर कमी आणि आधीच्या घरावर जास्त चालते. आधीच्या घरी पाहुणे आले की तुमच्याकडे अर्धा तास उशीर झालाच. तुम्ही त्यांचं पहिलं घर असाल तर वेळ पक्की. चौथं असाल तर साडेआठ म्हणजे साडेआठ ते सव्वानऊ धरा, आणि ऑफिसची बस त्या हिशेबाने पकडा.

बोलणं पहिल्याच दिवशी पूर्ण करा. धुणं-भांडी की केर-फरशीही, घरात माणसं किती, कपडे मशीनमध्ये की हाताने, एक वेळ की दोन वेळा, पगार कोणत्या तारखेला, महिन्याला सुट्ट्या किती, त्यापेक्षा जास्त खाडे झाले तर काय. दिवाळीला एक पगार बोनस द्यायची रीत आहे, तिचाही उल्लेख तेव्हाच झालेला बरा. सुट्ट्यांच्या बाबतीत माझं मत असं की "महिन्याला दोन" असं घासाघीस करून ठरवण्यापेक्षा "सुट्टी घ्या, पण आदल्या दिवशी फोन करा" हे ठरवणं जास्त कामाचं. आठवड्याची आखणी मोडते ती न कळवलेल्या खाड्याने. सण, गावची जत्रा, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या या काळात त्या गावी जाणार हे धरूनच चाला आणि चैत्र-वैशाखाच्या आधीच विचारून ठेवा. त्यांना मावशी म्हणा, ताई म्हणा, पण अहो-जाहो करा. वय तुमच्यापेक्षा लहान असलं तरी.

मावशींची वेळ कणा कशासाठी, तर बाकीची तिन्ही कामं एक तर त्यांच्या कामाच्या आड येतात किंवा त्यांच्यासाठी काम वाढवतात. सिंक दुरुस्त होऊन सील ओलं असेल तर भांडी घासता येत नाहीत. फरशी पुसून झाल्यावर एसीवाला आला तर पुसलेली फरशी फुकट. म्हणून सिंकचं काम भांडी झाल्यावर आणि घाण करणारं काम फरशीच्या आधी, एवढं डोक्यात ठेवा.

घरी कोणी नसताना "मावशी, आज सिलिंडर येणार आहे, जरा थांबा" असं सहज सांगितलं जातं. त्यांची पुढची तीन घरं थांबलेली असतात, हे तेव्हा सुचत नाही. आदल्या दिवशी विचारा, जमेल म्हणाल्या तर थांबण्याचे पैसे वेगळे द्या, आणि नाही म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा.

तिसरी पायरी: सिलिंडर, कारण त्याचा वार तुमच्या हातात नाही

बुकिंग फोन, ॲप किंवा व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांत होतं. घोळ त्यानंतर होतो. गाडी एका भागात ठरावीक वारीच फिरते, त्यामुळे एजन्सीच्या माणसाला एकदाच विचारून ठेवा, "आमच्या सोसायटीत गाडी कोणत्या वारी येते?" वार कळला की त्याच्या दोन-तीन दिवस आधी बुकिंग करायचं. दोन बुकिंगमध्ये किती दिवसांचं अंतर लागतं हेही तेव्हाच विचारा.

भाडेकरूंची खरी अडचण वेगळीच असते. सिलिंडर देताना माणूस एक कोड मागतो आणि तो कोड नोंदणी असलेल्या मोबाइलवर जातो. कनेक्शन घरमालकांच्या नावावर असेल तर कोड जातो त्यांच्या फोनवर, आणि ते कदाचित मुलाकडे परदेशात असतात. सरळ मार्ग म्हणजे स्वतःच्या नावावर कनेक्शन घेणं. त्याला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो, नोंदणी केलेला भाडेकरार त्यासाठी चालतो. आधीच्या गावात तुमचं कनेक्शन असेल तर तिथे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून अनामत परत घ्या आणि ट्रान्सफर व्हाउचर इथल्या एजन्सीत द्या. हे होईपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. दोघांचा स्वयंपाक त्यावर काही दिवस सहज निघतो.

एकच सिलिंडर असेल तर आणखी एक पेच आहे. भरलेला घेताना रिकामा द्यावा लागतो, आणि तुमचा तर अजून चालू असतो. उरलेला गॅस तसाच परत जातो, त्याचे पैसे कोणी देत नाही. शक्य असेल तर दुसरा सिलिंडर घ्या. मग नियम सोपा होतो, दुसरा जोडला त्याच दिवशी पहिल्याचं बुकिंग. आणि जोडल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहा. दोन-तीन वेळा लिहिलीत की तुमच्या घरी सिलिंडर किती दिवस जातो हे तुमचं तुम्हाला कळेल, शेजाऱ्यांच्या आकड्यावर जाऊ नका. मध्येच अंदाज घ्यायचा असेल तर सिलिंडरभोवती ओलं फडकं फिरवा आणि मिनिटभर थांबा. आत द्रवरूप गॅस आहे तिथपर्यंतचा भाग ओला राहतो, वरचा आधी वाळतो.

सिलिंडर दारात आल्यावर घाईने कोड सांगू नका. आधी सील बघा. मग हँडलच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला रंगवलेली अक्षरं बघा. A म्हणजे जानेवारी ते मार्च, B एप्रिल ते जून, C जुलै ते सप्टेंबर, D ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. C-27 असेल तर त्या सिलिंडरच्या सुरक्षा चाचणीची मुदत सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे. ती मुदत उलटून गेली असेल तर घेऊ नका, बदलून मागा. तिथेच रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं. समजा १५.३ किलो आहे, तर आत १४.२ किलो गॅस धरून एकूण २९.५ किलो भरायला हवं. वजनकाटा त्यांच्याकडे असायला हवा आणि मागितल्यावर त्यांनी वजन करून दाखवायला हवं. नेहमीच्या माणसाला दर वेळी काटा लावायला लावू नका, पण सिलिंडर हलका वाटला किंवा मागचा लवकर संपला असेल तर बिनदिक्कत सांगा. बिलावरची रक्कम घरपोच धरूनची असते. चार मजले जिन्याने चढून आला तर माणुसकी म्हणून काही द्यावं, ते तुमच्या मर्जीचं. हक्काने मागितलं तर देणं लागत नाही.

घरी कोणी नसेल तर रिकामा सिलिंडर आणि बिलाचे पैसे विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे ठेवा, किंवा पैसे बुकिंग करतानाच ऑनलाइन भरा. कोड मात्र आधी सांगून ठेवू नका. सिलिंडर आला की शेजारच्या काकूंनी फोन करावा आणि तेव्हा तुम्ही सांगावा. कोड दिला की तुमच्यापुरती डिलिव्हरी झाली अशी नोंद होते, मग सिलिंडर आलेला असो वा नसो. नवा सिलिंडर जोडल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. गळतीचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

चौथी पायरी: प्लंबर

प्लंबरला "किचनमध्ये लीकेज आहे" एवढंच सांगितलंत तर तो आधी बघायला येतो, मग सामान आणायला जातो, आणि तो "आत्ता आलो" म्हणून गेलेला माणूस उद्या उगवतो. म्हणून फोनआधी मोबाइलचा टॉर्च घेऊन सिंकखाली बघा. नळ टपकतोय, कनेक्शन पाइप गळतोय, भिंतीतल्या छोट्या कॉकच्या, म्हणजे अँगल कॉकच्या दांड्यातून पाणी येतंय, की सिंकचं सांडपाणी जातं त्या खालच्या बॉटल ट्रॅपच्या नटातून? कोरड्या कापडाने सगळं पुसा आणि कुठे पहिला थेंब येतो ते बघा. त्याचा फोटो आणि जवळून व्हिडिओ पाठवा. आता तो वॉशर, टेफ्लॉन टेप किंवा नवा ट्रॅप बरोबर घेऊनच येईल. सामान तुम्ही आधीच आणून ठेवायची गरज नाही, नव्या माणसाकडून माप हमखास चुकतं. पण हार्डवेअरचं दुकान कोणत्या वारी बंद असतं ते माहीत करून घ्या आणि त्या वारी प्लंबरला बोलवू नका.

फोन सकाळी साडेआठ-नऊला करा. तेव्हा त्याचा दिवस ठरत असतो. "दहा-अकरापर्यंत येतो" याचा अर्थ बारा धरा, आणि "बघतो, जमलं तर" याचा अर्थ दुसऱ्याला फोन करा. भेटीचे किती, मजुरी किती, सामानाचे वेगळे का, हे फोनवरच विचारा. पुण्यात हा प्रश्न कोणालाही अपमान वाटत नाही.

एक गोष्ट आदल्या दिवशी करून ठेवा. ज्या कॉकने तुमच्या स्वयंपाकघराचं पाणी बंद होतं तो फिरवून बघा. जुन्या इमारतींत तो जाम झालेला असतो. तसं असेल तर वरच्या टाकीवरून त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, आणि मग तुमच्या वरखालच्या सगळ्या स्वयंपाकघरांचं पाणी जातं. अशा वेळी वॉचमनला आणि सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या रात्री "उद्या ११ ते १२ आमच्या लाइनचं पाणी बंद राहील" असं कळवा. न कळवता बंद केलंत तर पहिल्याच महिन्यात सगळी बिल्डिंग तुम्हाला ओळखायला लागेल.

काम झाल्यावर बदललेला जुना भाग मागून घ्या. सिंक पूर्ण भरा, एकदम सोडा, आणि खाली जोडाशी कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर काम झालं. बेसिनच्या कडेला पांढरं सिमेंट किंवा कुठे एम-सील लावलं असेल तर ते वाळेपर्यंत पाणी लागू देऊ नका. म्हणूनच मावशी भांडी घासून गेल्यावर प्लंबर बोलवायचा, म्हणजे दुसऱ्या सकाळपर्यंत सिंकला विश्रांती मिळते. रात्रीची चार ताटं राहतील तेवढीच.

पाचवी पायरी: कंपनीचा मेकॅनिक

कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा मशीनवरच्या स्टिकरवरून घ्या. नेटवर शोधून वर आलेला नंबर पुष्कळदा कंपनीचा नसतोच, आणि "पाच रुपये भरून बुकिंग पक्कं करा" म्हणत लिंक किंवा फोनमध्ये ॲप घ्यायला सांगणारा माणूस मशीन दुरुस्त करायला येणार नसतो. फोन करताना मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लागतो, त्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. भाड्याच्या घरातलं मशीन मालकांचं असेल तर वॉरंटी आणि बिल त्यांच्याकडे आहे का, आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे तक्रार नोंदवण्याआधी विचारा.

कंपन्या "दहा ते दोन" असा चार तासांचा वेळ देतात. तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि काम पूर्ण झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका. ओटीपी दिला की तक्रार बंद होते, आणि दुसऱ्या दिवशी तेच बिघडलं तर सगळं पहिल्यापासून.

बोलवण्याआधी एक चाचणी करा. वॉशिंग मशीन पाणी हळू घेतं किंवा भरायच्या वेळीच एरर दाखवतं, अशी तक्रार असेल तर मशीनचा पाइप नळावरून काढा आणि त्याच नळाखाली दहा लिटरची बादली लावा. मिनिटभरात किंवा त्याच्या आसपास भरली तर पाणी ठीक आहे, मशीनच्या पाइपच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बघा, तिथे रेती आणि क्षार साचतात. बादलीला तीन-चार मिनिटं लागली तर दोष नळात किंवा लाइनमध्ये आहे आणि ते काम प्लंबरचं. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दाब मुळातच कमी असतो, तेही लक्षात घ्या. ही चाचणी न करता मेकॅनिक बोलावला तर तो येतो, "प्रेशर नाही" म्हणतो, भेटीचे पैसे घेतो आणि जातो. त्याचं काही चुकत नाही. म्हणून प्लंबर नेहमी मेकॅनिकच्या आधी.

वॉटर प्युरिफायरच्या सर्व्हिसिंगला आदल्या रात्री दोन-चार बाटल्या पाणी भरून ठेवा, कारण फिल्टर बदलल्यावर पहिली टाकी ओतून द्यावी लागते. आणि पाणी बंद असल्याच्या दुसऱ्या दिवशी नवा फिल्टर बसवू नका. गढूळ पाणी आधी जुन्या फिल्टरमधून जाऊ द्या, तो तसाही टाकायचाच आहे. नवा बसवून दुसऱ्याच दिवशी गाळाने भरून का घ्यावा?

एक आठवडा जुळवून बघू

समजा बाणेरला तिसऱ्या मजल्यावर दोघी मैत्रिणी राहतात. एकीचं मंगळवारी घरून काम, दुसरीचं शुक्रवारी. मावशी साडेआठच्या सुमारास येतात. सिंकखाली गळतंय, मशीन पाणी हळू घेतंय, प्युरिफायरची सर्व्हिसिंग आली आहे आणि सिलिंडर संपत आला आहे. गॅसची गाडी बुधवारी आणि शनिवारी येते. या गुरुवारी पाणी बंद असल्याचं सोसायटीच्या ग्रुपवर आलंय.

रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं. सिंकखालचा व्हिडिओ काढला, गळती बॉटल ट्रॅपच्या नटातून आहे. मशीनच्या नळाखाली बादली लावली, चार मिनिटं लागली. म्हणजे मशीनच्या तक्रारीतला निदान अर्धा भाग प्लंबरचा निघाला. प्लंबरला दोन्ही एकदमच सांगता येतील, भेटीचे पैसे एकदाच.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या वाटेवर तीन फोन. गॅसचं बुकिंग केलं, म्हणजे बुधवारच्या गाडीत यायची शक्यता आहे, नाही तर शनिवारी. प्लंबरला व्हिडिओ पाठवून मंगळवारी अकरा सांगितलं. प्युरिफायरच्या कंपनीला शनिवारी सकाळचा वेळ मागितला, कारण शनिवारच्या वेळा आठवड्याच्या सुरुवातीलाच भरतात. शुक्रवारी एक मैत्रीण घरी आहे खरी, पण शुक्रवारचं पाणी गढूळ. म्हणून शनिवार. मशीनच्या मेकॅनिकला अजून फोन केलेला नाही. प्लंबरचं काम झाल्यावर त्याची गरज उरते का ते बघायचं.

मंगळवारी मावशी नऊपर्यंत गेल्या. प्लंबर बारा वाजले तरी नाही. फोनवर म्हणाला, "ताई, एका ठिकाणी टाकी फुटलीय, चारनंतर येतो." चारनंतर म्हणजे सोसायटीचा दुपारचा नियमही आड येत नाही. साडेचारला आला, ट्रॅप बदलला, मशीनच्या नळाचा कॉक उघडला तर आत क्षार बसलेले, तोही बदलला. बादली आता मिनिटभरात भरते. मशीन लावून बघितलं, पाणी नीट घेतंय. मेकॅनिकचा फोन वाचला. सिंकखाली कागद ठेवला, रात्रीची भांडी बादलीत राहिली.

बुधवार मुद्दाम मोकळा ठेवला होता. प्लंबर मंगळवारी आलाच नसता तर बुधवारी सकाळी मावशींनंतर, एकीने तासभर उशिरा ऑफिसला जाऊन, ते काम उरकता आलं असतं. आठवड्यात असा एक दिवस रिकामा ठेवाच, आणि तो गुरुवारच्या आधीचा ठेवा. रिकामा सिलिंडर मात्र शेजारच्या काकूंच्या दारात ठेवला होता, पैसे ऑनलाइन भरले होते. गाडी आली, काकूंचा फोन आला, कोड सांगितला. या घरात दोन सिलिंडर असल्यामुळे हे इतकं सोपं झालं. एकच असता तर छोट्या सिलिंडरवर किंवा इंडक्शनवर दोन दिवस काढावे लागले असते.

गुरुवारी पाणी नाही, म्हणून बुधवारी रात्री दोन बादल्या आणि पिंप भरून ठेवलं. मावशींना आदल्या दिवशीच सांगितलं होतं की उद्या फक्त भांडी, फरशी नको. त्यांनाही बरं, कारण त्या दिवशी बिल्डिंगमधल्या सगळ्याच घरी पाण्याची ओढाताण. शुक्रवारी काही ठरवलं नाही, फक्त नळाचं पाणी दुपारपर्यंत स्वच्छ झालं का ते बघितलं. शनिवारी मावशींना विनंती केली की फरशी आज शेवटी करू, प्युरिफायरवाला दहाला येतोय. दहाचे साडेअकरा झाले, मावशींना थांबणं शक्य नव्हतं, स्वयंपाकघराचा कोपरा मैत्रिणींनीच पुसून घेतला.

एसीची सर्व्हिसिंग या आठवड्यात घेऊ नका, आणि मार्चमध्ये तर नकोच. जेट पंपाने धुताना काळं पाणी भिंतीवर आणि फरशीवर येतं, वेळ लागतो, आणि मार्च ते मेमध्ये मेकॅनिक मिळेपर्यंत घामाघूम व्हाल. फेब्रुवारीत एखादा शनिवार सकाळी मावशींच्या आधीचा वेळ त्यासाठी ठेवा, त्याच आठवड्यात त्यांना विचारा की यंदा गावाला कधी जाणार.